सांधा कुठे लपवायचा?

वाईतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा फोटो डोळ्यांपुढे आणा. चुन्याच्या गिलाव्याची भिंत, तिच्यावर डावीकडून आलेलं दुपारचं तिरपं ऊन आणि भिंतीच्या ऐन मध्यावर टीव्हीची डिश. मुखपृष्ठासाठी वाडा हवा आहे, डिश नको आहे. संगणकावरच्या एआय साधनात डिशवर ब्रश फिरवला, बटण दाबलं आणि काही सेकंदांत डिश गेली. मात्र तिच्या जागी एक गोल डाग राहिला. भिंतीचा रंग जवळपास बरोबर आहे, गिलाव्याचा पोतही बराचसा जुळतो, तरी इथे काहीतरी होतं आणि ते काढलंय हे कुणालाही कळतं. मग कडा मऊ करण्याचा आकडा वाढवून पाहिला जातो. डाग जात नाही, फक्त धूसर होतो.

हा डाग का राहतो आणि कसा घालवायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कडा मऊ करणं, म्हणजे फेदरिंग, हे या कामातलं शेवटचं आणि सगळ्यांत छोटं पाऊल आहे. सांधा बिघडतो तो बहुतेक वेळा त्याआधीच्या दोन ठिकाणी. एक म्हणजे मास्कची कड चुकीच्या जागी पडलेली असते आणि दुसरं म्हणजे मॉडेलला भोवतालची भिंत पुरेशी दाखवलेली नसते.

मास्क म्हणजे फोटोच्याच मापाचं दुसरं एक काळं-पांढरं चित्र. जिथे ते पांढरं आहे तिथे नवं रंगवायचं, जिथे काळं आहे तिथे हात लावायचा नाही. मधल्या करड्या छटांचं काय करायचं, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. त्याकडे पुढे येऊ. चित्रातला फाटलेला किंवा खरवडलेला भाग भोवतालच्या आधाराने भरणं हे काम मुळात जुनी तैलचित्रं दुरुस्त करणाऱ्यांचं. संगणकाच्या जगात ते ‘इनपेंटिंग’ या नावाने रुळलं 2000 साली, जेव्हा मार्सेलो बेर्ताल्मियो, गियेर्मो सापिरो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या विषयावरचा निबंध मांडला. त्यांची पद्धत भोकाच्या कडेला येऊन थांबलेल्या रेषा आणि छटा आत वाढवत नेत असे. ओरखडा किंवा फोटोवर छापलेली अक्षरं यांच्यासाठी ते पुरायचं, मोठ्या भोकात मात्र सगळं पुसट व्हायचं. 2022 च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन खुलं झालं आणि चित्र पालटलं. आता यंत्र भोकाच्या आत नवा गिलावा, नवी वीट, नवं पान स्वतः कल्पून रंगवू लागलं. सांध्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, उलट अवघड झाला. पूर्वी आतला भाग बाहेरच्यातूनच वाढवलेला असे. आता आत एक स्वतंत्र चित्र तयार होतं आणि ते बाहेरच्या खऱ्या फोटोशी जुळवावं लागतं.

कड नेमकी कुठे पडते

आपला फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा आहे असं धरू. डिश साधारण 300 पिक्सेल रुंद आहे. माणूस ब्रश घेतो आणि डिशच्या कडेकडेने काळजीपूर्वक मास्क रंगवतो. ही काळजीच नडते.

फोटोत वस्तूची कड कधीच एका पिक्सेलवर संपत नाही. डिशचा राखाडी रंग आणि भिंतीचा पांढुरका रंग दोन-चार पिक्सेलमध्ये एकमेकांत मिसळलेले असतात. वर जेपेग ही फोटो साठवण्याची पद्धत चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकटींत कापते, त्यामुळे गडद कडेशेजारच्या चौकटीत हलके तरंग उमटतात. घट्ट मास्कच्या बाहेर ही सगळी कोर शिल्लक राहते, आणि मॉडेलसाठी ती पुरावा ठरते. भोकाभोवती गोल गडद कोर आहे, अर्थात आत काहीतरी गोल वस्तू असणार, असा त्याचा हिशेब होतो. मग ते आत दुसरी डिश रंगवतं, नाहीतर दिवा, नाहीतर घड्याळ. वस्तू पुसायला सांगितली आणि वेगळीच वस्तू उगवली, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिच्या मुळाशी पुष्कळदा ही राहिलेली कोर असते.

कोरीपेक्षा मोठा चुगलखोर म्हणजे सावली. तिरप्या उन्हात डिशची सावली भिंतीवर खाली उजवीकडे शंभर पिक्सेलपर्यंत पसरली आहे. मास्कमध्ये ती घेतली नाही तर मॉडेलसमोर एक अधांतरी सावली उरते आणि तिला मालक शोधून देण्याकडेच त्याचा कल होतो. म्हणून मास्क वस्तूचा नसतो. वस्तू आणि तिने फोटोत जे जे घडवलं त्या सगळ्याचा असतो. सावली, चकाकी, फरशीतलं प्रतिबिंब, भिंतीवर उतरलेला गंजाचा ओघळ, डिशला लोंबणारी केबल हे सगळं त्यात आलं. आपल्या उदाहरणात डिश आणि सावली मिळून 400 बाय 400 ची चौकट होते.

यात आणखी एक तांत्रिक मर्यादा आहे. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेलं थेट पिक्सेलवर काम करत नाहीत. आधी चित्राची एक आकसलेली सांकेतिक प्रत होते. तिच्यातला एक कप्पा म्हणजे मूळ चित्रातला 8 बाय 8 पिक्सेलचा चौकोन, त्यामुळे 512 चं चित्र आत 64 कप्प्यांचं होतं. मॉडेलचा मास्कही या कप्प्यांच्या मापाला उतरवला जातो. तुम्ही कितीही नाजूक वळण रंगवलंत तरी आत ते आठ-आठ पिक्सेलच्या पायऱ्यांचं होतं. शिवाय प्रत्येक कप्प्यात शेजारच्या पिक्सेलची माहितीही थोडी मुरलेली असते. डिशच्या कडेला चिकटून असलेला ‘सुरक्षित’ कप्पा खरं तर डिशने आधीच बाटवलेला असतो.

उपाय सोपा आहे. मास्क सगळ्या बाजूंनी फुगवायचा. गिलाव्याचा पोपडा निघाला की जाणता गवंडी तेवढंच भोक भरत नाही. आजूबाजूला ठोकून पाहतो, पोकळ वाजणारा भाग पक्क्या गिलाव्यापर्यंत काढून टाकतो आणि मग नवा माल लावतो. इथेही कड पक्क्या, निर्मळ भिंतीवर पडायला हवी. कम्फीयूआयमध्ये यासाठी `GrowMask` नावाची पायरी आहे, आणि त्यातल्याच इनपेंटिंगसाठी चित्र सांकेतिक करणाऱ्या पायरीत `grow_mask_by` हा आकडा सुरुवातीला 6 असतो. 4000 पिक्सेलच्या फोटोसाठी तो मला फार कमी वाटतो. आपण 24 घेऊ. तीन कप्प्यांचं अंतर झालं, आणि जेपेगचे तरंगही त्यात बुडाले. मास्कची चौकट आता 448 बाय 448 झाली.

भोवतालची भिंत किती दाखवायची

आता पॅडिंग. स्टेबल डिफ्यूजन वापरणाऱ्यांमध्ये गाजलेल्या ‘ऑटोमॅटिक 1111’ या साधनात इनपेंटिंगचे दोन मार्ग आहेत. `Whole picture` निवडलं तर अख्खा फोटो मॉडेलला झेपेल अशा मापाला लहान केला जातो. स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे मॉडेल 1024 बाय 1024 च्या आसपास नीट काम करतं. 4000 पिक्सेलचा वाडा 1024 वर आणला की आपला 448 चा तुकडा जेमतेम 115 पिक्सेलचा उरतो. तो परत मोठा करून चिकटवला तर कडक भिंतीत मेणचट गोळा दिसणार. म्हणून मोठ्या फोटोसाठी दुसरा मार्ग, `Only masked`. त्यात साधन मास्कभोवतीची चौकट कापून घेतं, तेवढीच मॉडेलच्या मापाला आणतं, आत रंगवतं आणि परत जागच्या जागी बसवतं. चौकट कापताना मास्कच्या बाहेर किती पिक्सेल सोबत घ्यायचे, ते `Only masked padding, pixels` हा आकडा ठरवतो. सुरुवातीला तो 32 असतो.

या 32 मध्ये काय होतं ते हिशेबाने पाहू. 448 च्या दोन्ही बाजूंना 32, म्हणजे 512 ची चौकट. ती दुप्पट होऊन 1024 वर जाते. तुकडा बारीकसारीक तपशिलांनिशी रंगवला जाईल हे खरं, पण चौकटीचा तीन चतुर्थांशांहून जास्त भाग भोकानेच व्यापला आहे. मॉडेलला दिसते ती फक्त भोवतालची एक अरुंद पट्टी.

ऊन डावीकडून येतंय म्हणून भिंतीचा उजळपणा डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरतो. समजा, दर हजार पिक्सेलला 255 पैकी 20 पायऱ्या. 32 पिक्सेलच्या पट्टीत हा उतार एक पायरीसुद्धा होत नाही. गिलाव्याच्या खरखरीत तो पूर्ण हरवतो. डाव्या पट्टीची उजव्या पट्टीशी तुलना मॉडेल करू शकतं, पण दोन्हींच्या मध्ये नुसतं भोक आहे आणि हाताशी धागे फार थोडे. मग ते सुरक्षित उत्तर देतं, सगळीकडे सारखीच सपाट छटा. भोकाच्या 448 पिक्सेलमध्ये खरी भिंत नऊ पायऱ्या उतरली असती. सपाट तुकडा त्यामुळे एका कडेला चार-पाच पायऱ्या गडद आणि दुसऱ्या कडेला तितकाच उजळ दिसतो. एवढा फरक दोनशे पिक्सेलवर पसरला तर डोळा सोडून देतो. तोच एका रेषेत आला की लगेच पकडतो. सुरुवातीला सांगितलेला गोल डाग तो हाच, आणि तो मास्कच्या कडेचा दोष नाहीच. आतल्या अख्ख्या तुकड्याचा रंगच चुकला आहे, तेव्हा कड कितीही मऊ केली तरी तो तसाच राहणार.

आता पॅडिंग 288 करा. 448 आणि दोन वेळा 288, बेरीज 1024. चौकट आहे त्याच मापात मॉडेलकडे जाते. ताणायची नाही, दाबायची नाही. भोक आता चौकटीचा पाचवा हिस्साच आहे. प्रत्येक बाजूला जवळपास सहा पायऱ्यांचा उतार दिसतो, वरच्या खिडकीची ओळ दिसते, गिलाव्याला पडलेली तडे जाण्याची दिशा दिसते. शिवाय एक फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मापात बदल न झाल्यामुळे नव्या गिलाव्याचा कण आणि जुन्याचा कण एकाच आकाराचे येतात. दुप्पट करून रंगवलेला तुकडा परत अर्धा केला की त्याचा पोत मूळ फोटोपेक्षा बारीक आणि धारदार दिसू लागतो. कॅमेऱ्याची भिंग एवढी धार देत नाही, आणि भिंगाची ती मर्यादा नकळत आपल्या डोळ्यांना ठाऊक असते.

मग पॅडिंग 800 का करू नये? कारण चौकट दोन हजार पिक्सेलची होईल, तिला अर्धं करून 1024 वर आणावं लागेल आणि परत मोठा केलेला तुकडा भोवतालपेक्षा मऊ दिसेल. शिवाय फार दूरचं आत येतं. शेजारच्या भिंतीवर दुसरी डिश असली आणि ती चौकटीत आली, तर या भिंतीवर डिशा असतात असा बोध मॉडेल घेऊ शकतं. म्हणून माझा अंगठ्याचा नियम असा: मॉडेलच्या मापातून मास्कची रुंदी वजा करा आणि उरलेल्याचं अर्ध पॅडिंग द्या. मास्कच त्या मापाहून मोठा असेल तर तडजोड अटळ आहे. तिथे काम दोन-तीन तुकड्यांत वाटून घ्यावं.

मऊ कडेचा हिशेब

इतकं झाल्यावर फेदरिंगकडे वळू. फेदरिंग म्हणजे मास्कच्या पांढऱ्या-काळ्या सीमेवर करड्या छटांचा पट्टा तयार करणं. चिकटवताना प्रत्येक पिक्सेलला दोन रंग उपलब्ध असतात, नवा आणि जुना. मास्क तिथे 70 टक्के पांढरा असेल तर नव्याचे 70 भाग आणि जुन्याचे 30 घेतले जातात. नुसती सरासरी. त्यात कुठलीही बुद्धी नाही, आणि हे लक्षात ठेवलं की फेदरिंगचे सगळे गुणदोष आपोआप उलगडतात.

सरासरी तेव्हाच चांगली दिसते जेव्हा दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगत असतात. पट्ट्यात नवीकडे भिंत आणि जुनीकडेही भिंत असेल तर कुणाला कळणार नाही. पण मास्क घट्ट असेल तर ब्लर दोन्हीकडे पसरतो, आत डिशवर आणि बाहेर भिंतीवर. आतल्या अर्ध्या पट्ट्यात मग नव्या भिंतीत जुन्या डिशचे वीस-तीस टक्के मिसळतात आणि डिशचं भूत दिसू लागतं, फिकट राखाडी कडं. ब्लर वाढवला की भूत मोठं होतं. फेदरिंगने सांधा जाण्याऐवजी उठून दिसतो, तो असा.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फुगवा, मग मऊ करा. आपण मास्क 24 पिक्सेल फुगवला आहे. त्यावर 8 पिक्सेलचा गाउसियन ब्लर दिला तर करडा पट्टा सीमेच्या दोन्हीकडे साधारण सोळा-सोळा पिक्सेल पसरतो. म्हणजे डिशच्या खऱ्या कडेपासून 8 पिक्सेल बाहेर तो सुरू होतो आणि 40 वर संपतो. डिशच्या कडेवर मास्क पूर्ण पांढरा आहे. तिचा अंशही मिसळणार नाही. पायथॉन येणाऱ्यांसाठी हे काम तीन ओळींचं आहे:

```python
mask = mask.filter(ImageFilter.MaxFilter(49))
soft = mask.filter(ImageFilter.GaussianBlur(8))
final = Image.composite(new, old, soft)
```

49 हा आकडा 24 च्या दुपटीत एक मिळवून आला आहे. ही गाळणी मधल्या पिक्सेलच्या दोन्ही बाजूंना 24 पाहते. मॉडेलला द्यायचा तो पहिल्या ओळीतला कडक मास्क, आणि चिकटवायला वापरायचा तो दुसऱ्या ओळीतला मऊ. ऑटोमॅटिक 1111 मध्ये `Mask blur` सुरुवातीला 4 असतो आणि तो मूळ फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो. 4000 पिक्सेलच्या फोटोत तो जेमतेम सोळा पिक्सेलचा पट्टा देतो, छोट्या चित्रात मात्र तोच आकडा भरपूर ठरतो. कम्फीयूआय वापरणाऱ्यांनी `FeatherMask` या नावाला फसू नये. ती पायरी मास्कमधल्या आकाराची कड मऊ करत नाही, चित्राच्या चार बाहेरच्या बाजू फिकट करते.

पट्टा किती रुंद असावा, याचं उत्तर 1983 साली पीटर बर्ट आणि एडवर्ड एडल्सन या आरसीएतल्या दोन संशोधकांनी दिलं होतं. अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं बेमालूम जोडलेलं त्यांचं चित्र या क्षेत्रातल्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्यांचा मुद्दा असा की, एकच रुंदी सगळ्यांना चालत नाही. मोठ्या, हळू बदलणाऱ्या छटांना रुंद पट्टा लागतो आणि बारीक पोताला अरुंद. रुंद पट्ट्यात पोत मिसळला तर दोन वेगवेगळे गिलावे एकावर एक ठेवल्यासारखे दिसतात. अरुंद पट्ट्यात छटा मिसळली तर पायरी दिसते. त्यांनी चित्र जाड-बारीक थरांत वेगळं करून प्रत्येक थर त्याच्या रुंदीने जोडला. आजही हट्टी सांध्यांसाठी हा मार्ग उत्तम आहे. 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेली प्वासाँ पद्धत आणखी वेगळी. ती तुकड्याचे रंग न घेता रंगांतले चढउतार घेते आणि कडेला भोवतालच्या रंगाशी बांधून टाकते. सपाट भिंतीवर ती छान चालते, पण मास्कच्या कडेला गडद काही आलं तर त्याचा काळपटपणा तुकड्याच्या आत झिरपतो.

आणखी एक दोष असा आहे की, तो रंग जुळल्यावरच दिसतो. प्रत्येक फोटोत सेन्सरचा दाणा असतो, बारीक यादृच्छिक खरखर. नव्या तुकड्यातही, असलाच तर, वेगळा दाणा असतो. दोन असंबद्ध दाण्यांची अर्धी-अर्धी सरासरी काढली की कुठे एक वर असतो तर दुसरा खाली, आणि ते एकमेकांना खोडतात. दोन्हीकडे सारखाच दाणा असला तरी पट्ट्याच्या मध्यावर त्याची तीव्रता सुमारे 70 टक्क्यांवर येते. भोवताली दाणेदार भिंत आणि मध्ये गुळगुळीत अंगठी, असं दिसतं. संध्याकाळी काढलेल्या, आयएसओ चढवलेल्या फोटोत ही अंगठी चटकन लक्षात येते. यावर पट्टा अरुंद ठेवणं हा एक इलाज. दुसरा म्हणजे सगळं जोडून झाल्यावर तुकडा आणि पट्टा यांच्यावर फोटोइतकाच दाणा वरून शिंपडणं. मॉडेलने रंगवलेला भाग बहुधा मूळ फोटोपेक्षा गुळगुळीतच असतो, त्यामुळे हे करावं लागतंच.

आता राहिलेला प्रश्न: मॉडेलच्या आत करड्या मास्कचं काय होतं? नेहमीच्या पद्धतीत काहीच नाही. ऑटोमॅटिक 1111 कप्प्यांच्या मापाला उतरवलेला मास्क चक्क पूर्णांकात बसवतो, निम्म्याहून जास्त पांढरा तो पांढरा आणि बाकी काळा. तुम्ही कौतुकाने दिलेला मऊपणा फक्त शेवटच्या चिकटवण्यात वापरला जातो. 2023 मध्ये एरान लेविन आणि ओहाद फ्रीड यांनी ‘डिफरेन्शियल डिफ्यूजन’ ही पद्धत मांडली तेव्हा करड्या छटेला खरा अर्थ आला. चित्र नॉइजमधून टप्प्याटप्प्याने तयार होतं. या पद्धतीत पांढरा भाग पहिल्या टप्प्यापासून मोकळा असतो आणि करडा भाग उशिरा मोकळा होतो, त्यामुळे त्याची रचना जुनीच राहते, फक्त तपशील बदलतो. जुन्या तड्याचं टोक नव्या गिलाव्यात वळवून घेण्याची सवड मॉडेलला मिळते, जी सरासरीला कधीच मिळत नाही. कम्फीयूआयमध्ये ही पायरी आहे आणि ऑटोमॅटिक 1111 मध्ये त्याच विचाराची `Soft inpainting` ही सोय नंतर आली. गवत, केस, झाडी, कापड अशा ठिकाणी मी आता हीच वापरायला सांगेन.

एक सावधगिरी मात्र दोन्हीकडे लागते. चित्र सांकेतिक करून परत उलगडलं की मास्कबाहेरचे पिक्सेलही किंचित बदलतात. भिंत एखाद-दोन पायऱ्या सरकते, पाटीवरची बारीक अक्षरं वितळतात. म्हणून मॉडेलने दिलेली अख्खी चौकट तशीच स्वीकारू नये. मऊ मास्कमधून फक्त तुकडा मूळ फोटोवर बसवावा. काही साधनं हे आपणहून करतात, काही करत नाहीत. तपासायचं असेल तर मास्कपासून दूरचं एखादं अक्षर पूर्ण मोठं करून दोन्ही प्रतींत पाहा.

फेदरिंग मुळीच नको असतं अशीही जागा असते. डिशने खिडकीच्या लाकडी चौकटीचा कोपरा झाकला असेल, तर चौकटीच्या कडेवर करडा पट्टा आला की ती धारदार कड एकाच ठिकाणी पुसट होते. तिथे मास्क चौकटीपाशी न थांबवता तिच्या पलीकडे न्यावा, म्हणजे सांधा चौकटीला आडवा छेदेल, तिच्या लांबीने चालणार नाही. नाहीतर सांधा बरोबर चौकटीच्या कडेवरच ठेवावा आणि ब्लर शून्य करावा. तिथे रंग बदलणं साहजिकच आहे, त्यामुळे डोळा शंका घेत नाही.

झालेलं काम तपासताना पूर्ण मोठं करून बघणं पुरेसं नाही, कारण छटेचा डाग मोठं केल्यावर दिसेनासा होतो. फोटो स्क्रीनवर टपाल तिकिटाएवढा करा. गोल डाग असेल तर वर येईल. मग त्याचा कॉन्ट्रास्ट बेफाम वाढवा, म्हणजे दाण्याची अंगठी उघडी पडेल. शेवटी मूळ आणि नवी प्रत एकावर एक ठेवून त्यांतला फरक पाहा. फक्त डिशच्या जागी काहीतरी दिसलं पाहिजे. सगळीकडे हलकं धुकं असेल तर तुकड्याऐवजी अख्खी चौकट चिकटली आहे.

वाड्यांचे फोटो पुढे दस्तऐवज म्हणूनही वापरले जातात, म्हणून एक विनंती. सांधा बेमालूम जमला की कुठले पिक्सेल कॅमेऱ्याचे आणि कुठले यंत्राचे, हे पुढे तुम्हालाही सांगता येणार नाही. मूळ फोटो तर ठेवाच, पण वापरलेला मास्कही त्याच नावाने पीएनजी करून शेजारी जपून ठेवा आणि छापताना ओळीत ‘डिश काढली आहे’ असं लिहा.